क्रियापद कोणाचं ऐकतं? आठवीसाठी प्रयोग आणि वाक्यरूपांतराची कार्यपत्रिका, उत्तरांसह

‘रवीने पतंग उडवला.’ हे वाक्य आठवीच्या मुलांना दिलं आणि प्रयोग विचारला, तर बरीच मुलं बेधडक ‘कर्तरी’ लिहितात. कारण विचारलं तर सांगतात, की रवी काहीतरी करतो आहे आणि तो वाक्यात पहिला आला आहे. इंग्रजीच्या तासाला ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’ असाच शिकवलेला असतो आणि तिथे हे उत्तर बरोबरही असतं. मराठीत मात्र ते चूक आहे. हे वाक्य कर्मणी प्रयोगाचं आहे.

ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी ही जोडी अर्धीच खरी आहे. कार्यपत्रिकेतल्या निम्म्या चुका तिच्यातूनच येतात. मराठीत काम कोण करतं याला महत्त्व नाही. क्रियापद कोणाच्या लिंग-वचन-पुरुषाप्रमाणे बदलतं, एवढंच पाहायचं. ते कर्त्याचं ऐकत असेल तर कर्तरी, कर्माचं ऐकत असेल तर कर्मणी. दोघांचंही न ऐकता तृतीयपुरुषी नपुंसकलिंगी एकवचनात हटून बसलं असेल, तर भावे. ‘रवीने पतंग उडवला’ यात रवीच्या जागी सीमा आणा: ‘सीमाने पतंग उडवला.’ क्रियापद हललं नाही. आता पतंगाच्या जागी बाहुली आणा: ‘रवीने बाहुली उडवली.’ लगेच बदललं. म्हणजे ते कर्माच्या ताब्यात आहे.

प्रयोग ओळखण्याची पद्धत

एकच प्रसंग तीन प्रकारे लिहून पाहू.

मुलगा ससा पकडतो.
मुलाने ससा पकडला.
मुलाने सशाला पकडले.

पहिली पायरी क्रियापद शोधण्याची. इथे ते ‘पकडणे’ आहे. दुसऱ्या पायरीत ‘पकडणारा कोण?’ असं विचारून कर्ता शोधायचा आणि ‘काय किंवा कोणाला पकडलं?’ असं विचारून कर्म. तिन्ही वाक्यांत कर्ता मुलगा आणि कर्म ससा.

तिसऱ्या पायरीत कर्ता बदलायचा. ‘मुलगी ससा पकडते’ इथे ‘पकडतो’चं ‘पकडते’ झालं, म्हणून पहिलं वाक्य कर्तरी. ‘मुलीने ससा पकडला’ आणि ‘मुलीने सशाला पकडले’ या दोन्हींत क्रियापद होतं तसंच राहिलं, म्हणून ती कर्तरी नाहीत.

चौथ्या पायरीत कर्म बदलायचं. ‘मुलाने खार पकडली’ इथे क्रियापद बदललं, म्हणून दुसरं वाक्य कर्मणी. ‘मुलाने खारीला पकडले’, ‘मुलाने सशांना पकडले’ असं काहीही केलं तरी ‘पकडले’ हलत नाही, म्हणून तिसरं वाक्य भावे.

क्रम मोडू नका. आधी कर्ता, मग कर्म. आणि चाचणीत एका वेळी एकच शब्द बदलायचा. दोन्ही एकदम बदलले, तर क्रियापद नेमकं कोणामुळे बदललं हे कळणार नाही.

प्रत्यय पाहूनही अंदाज येतो. कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ नसेल तर बहुधा कर्तरी. ‘ने’ आहे आणि कर्म उघडं आहे, तर कर्मणी. ‘ने’ आहे आणि कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ आहे, तर भावे. पण हा फक्त अंदाज आहे. पेपर काढणारे नेमकी तीच वाक्यं निवडतात जिथे तो फसतो, त्यामुळे शेवटचा निकाल शब्द बदलूनच लावायचा.

अंदाज कुठे फसतो

सगळ्यात जास्त घात ‘ले’ हा शेवट करतो. ‘सीमाने पुस्तक वाचले’ हे भावे दिसतं, कारण क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात आहे. पण ‘पुस्तक’ हा शब्दही नपुंसकलिंगी एकवचनीच आहे. पुस्तकाऐवजी ‘पोथी’ ठेवलं की ‘वाचली’ होतं. वाक्य कर्मणी आहे. शिवाय ‘ले’ पुल्लिंगी अनेकवचनातही येतं: ‘मुलगे धावले’, ‘मुलाने ससे पकडले’. म्हणून भावे लिहिण्याआधी कर्माच्या जागी एक स्त्रीलिंगी शब्द घालून पाहण्याची सवय लावा. या एका सवयीने बरेच गुण वाचतात.

दुसरी फसवी जागा दोन कर्मांच्या वाक्यात असते. ‘आजीने नातवाला गोष्ट सांगितली.’ यात ‘ला’ दिसतो आणि हात आपोआप ‘भावे’ लिहितो. पण ‘काय सांगितलं?’ याचं उत्तर ‘गोष्ट’ आहे, आणि गोष्टीला प्रत्यय नाही. नातू इथे गौण कर्म आहे. गोष्टीऐवजी ‘किस्सा’ म्हणा, की ‘सांगितला’ होतं. म्हणून कर्मणी. वाक्यात ‘ला’ असेल तर त्याच्याशेजारी एखादं उघडं कर्म लपलेलं नाही ना, हे आधी तपासा.

तिसरी जागा भविष्यकाळाची. ‘तो पत्र लिहील’, ‘ती पत्र लिहील’ यात कर्त्याचं लिंग बदललं तरी क्रियापद बदलत नाही. त्यामुळे मुलं गोंधळतात. अशा वेळी लिंगाऐवजी वचन किंवा पुरुष बदला: ‘ते पत्र लिहितील’, ‘मी पत्र लिहीन’. क्रियापद बदललं, म्हणजे कर्तरी.

‘मी’, ‘आम्ही’, ‘तू’, ‘तुम्ही’ यांची तृतीया ‘ने’शिवायच होते. ‘मी खिडकी उघडतो’ आणि ‘मी खिडकी उघडली’ या दोन्हींत ‘मी’ सारखाच दिसतो. पण ‘मी’च्या जागी तृतीयपुरुष ठेवून वाक्य म्हणून बघा. पहिल्यात ‘तो’ बसतो आणि दुसऱ्यात ‘त्याने’ म्हणावं लागतं. जिथे ‘त्याने’ लागतं तिथला ‘मी’ तृतीयेतला. ‘तू चिठ्ठी लिहिलीस’ यात तर ‘ली’ चिठ्ठीमुळे आणि ‘स’ तूमुळे आला आहे, म्हणजे क्रियापद दोघांचंही ऐकतं. याला संकर प्रयोग म्हणतात. प्रश्नात तीनच पर्याय दिले असतील तर कर्मणी लिहा, कारण लिंग आणि वचन कर्माचं आहे.

आता उलट बाजू. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की कर्त्याला ‘ने’ लागतो आणि प्रयोग कर्मणी होतो, असं मुलं पाठ करतात. बहुतेक क्रियापदांना ते लागू पडतं, पण काही ऐकत नाहीत. ‘ती कविता शिकली’, ‘तो डबा विसरला’, ‘ती साडी नेसली’, ‘तो पाणी प्याला’. कर्म असूनही इथे ‘ने’ नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं. ही सगळी कर्तरी वाक्यं आहेत. अशी क्रियापदं फार नाहीत, भेटतील तशी वहीच्या मागच्या पानावर उतरवत जा.

आणि ‘मला चित्र आवडते’? याच्याबद्दल व्याकरणाच्या पुस्तकांतच एकमत नाही. काहींच्या मते ‘चित्र’ कर्ता आहे, म्हणून कर्तरी. काहींच्या मते ‘मला’ कर्ता आहे, म्हणून कर्मणी. खाली असं वाक्य घेतलेलं नाही. परीक्षेत आलं तर आपल्या पाठ्यपुस्तकाची बाजू धरावी.

प्रयोग बदलताना

आधी सूचना नीट वाचा. ‘राम पत्र लिहितो’ याचं कर्मणी म्हणून ‘रामाने पत्र लिहिले’ असं लिहिलं, तर प्रयोग बदलला खरा, पण काळही बदलला. सूचनेत ‘काळ न बदलता’ असेल तर हे उत्तर चुकलं. काळ राखायचा तर ‘कडून’ आणि ‘जाणे’ यांची मदत घ्यावी लागते. या रचनेला नवीन कर्मणी म्हणतात.

काम तीन टप्प्यांत होतं. कर्त्याचं सामान्यरूप करून ‘कडून’ जोडा: सुतार, सुताराकडून, माळी, माळ्याकडून, शिपाई, शिपायाकडून. मग मूळ क्रियापदाचं भूतकाळी रूप कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे करा: खुर्ची बनवली, पाट बनवला, कपाट बनवले. शेवटी मूळ वाक्याचा काळ ‘जाणे’ या क्रियापदावर चढवा.

‘सुतार खुर्ची बनवतो’ या वाक्यावर चालवून पाहू:

बनवतो – सुताराकडून खुर्ची बनवली जाते.
बनवत आहे – सुताराकडून खुर्ची बनवली जात आहे.
बनवेल – सुताराकडून खुर्ची बनवली जाईल.

हमखास चूक होते ती ‘बनवली जातो’ अशी. पहिला शब्द खुर्चीप्रमाणे बदलला आणि दुसरा सुतारापाशीच राहिला. ‘बनवली’ आणि ‘जाते’ हे दोन्ही कर्माप्रमाणे चालतात. (बोलताना आपण सुताराला ‘कडून’ लावून वाक्य क्वचितच करतो, ती बातम्यांची आणि सूचनाफलकांची भाषा आहे. निबंधात तिचा भडिमार नको.)

कर्मणीचं भावे करणं त्यापेक्षा सोपं. काळ तोच ठेवून कर्माला ‘ला’ लावायचा आणि क्रियापद ‘ले’वर आणायचं: ‘शिपायाने चोर पकडला’, ‘शिपायाने चोराला पकडले’. हे सजीव कर्माबरोबर सहज जमतं. ‘सुताराने खुर्चीला बनवले’ असं मराठीत कोणी म्हणत नाही, त्यामुळे निर्जीव कर्माशी ही खटपट करू नये.

आणि कर्मच नसेल तर कर्मणी होणारच नाही. ‘मुलगा हसला’ याचं कर्मणी करा असं विचारलं, तर ‘क्रियापद अकर्मक आहे, कर्मणी होत नाही’ हेच पूर्ण उत्तर.

वाक्यरूपांतर: अर्थ जागेवर ठेवायचा

इथे वाक्याचा साचा बदलतो, अर्थ बदलता कामा नये. होकारार्थीचं नकारार्थी करताना दोन बदल एकदम करावे लागतात: ‘नाही’ आणायचा आणि शब्द विरुद्धार्थी करायचा. ‘उत्तर बरोबर आहे’ याचं ‘उत्तर चूक नाही’. नुसता ‘नाही’ जोडला तर ‘उत्तर बरोबर नाही’ होतं, आणि अर्थ उलटतो. पण विरुद्धार्थी शब्द निवडताना मध्ये तिसरी शक्यता आहे का, ते पाहा. ‘पाणी थंड आहे’ म्हणजे ‘पाणी गरम नाही’ असं नव्हे, ते कोमटही असू शकतं. बरोबर-चूक, पास-नापास, मान्य-अमान्य यांच्यात मधलं काही नसतं, म्हणून त्या जोड्या भरवशाच्या. मधलं असेल तिथे वेगळी वाट काढा: ‘मुलगा उंच आहे’ याचं ‘मुलाची उंची काही कमी नाही’.

प्रश्नार्थीतही उलटापालट लागते. ‘वेळेचे महत्त्व सर्वांना ठाऊक आहे’ याला नुसता ‘का’ चिकटवला, तर तो खराखुरा प्रश्न होतो आणि विधान नाहीसं होतं. होकार असेल तर प्रश्नात नकार घाला: ‘वेळेचे महत्त्व कोणाला ठाऊक नाही?’ नकार असेल तर प्रश्नातून तो काढा: ‘खोटे बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही’, ‘खोटे बोलणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?’

उद्गारार्थीचं विधान करताना ‘किती’, ‘केवढा’ यांतला जोर ‘खूप’, ‘फार’ अशा शब्दाने भरून काढायचा आणि उद्गारचिन्हाच्या जागी पूर्णविराम द्यायचा. चिन्ह विसरल्यामुळे अर्धा गुण जाणं फारच सामान्य आहे.

केवल, संयुक्त, मिश्र यांत ‘म्हणून’ हा शब्द छळतो. ‘पाऊस पडला म्हणून सामना थांबला’ हे संयुक्त वाक्य. ‘पदक मिळावे म्हणून तिने सराव केला’ हे मिश्र. ‘म्हणून’च्या जागी ‘त्यामुळे’ ठेवून बघा. बसलं तर तो परिणाम सांगतो, वाक्य संयुक्त. ‘या हेतूने’ बसलं तर उद्देश सांगतो, वाक्य मिश्र. ‘कारण’ने जोडलेलं वाक्य मिश्र धरतात, हेही ध्यानात असू द्या.

कार्यपत्रिका

सोडवताना खालचा भाग झाकून ठेवा. ‘अ’ गटात प्रत्येक उत्तरापुढे चाचणीचं वाक्य लिहा, नुसतं प्रयोगाचं नाव नको.

अ) प्रयोग ओळखा.

1. माळी रोपांना पाणी घालतो.
2. सायलीने चित्र रंगवले.
3. आईने बाळाला अंथरुणावर निजवले.
4. गुरुजींनी मुलांना कोडे घातले.
5. रमेश छत्री विसरला.
6. मुलांनी रांगेत उभे राहावे.
7. मी खिडकी उघडली.
8. उद्या मुली किल्ला बघतील.
9. आज लवकर उजाडले.
10. कावळे झाडावर बसले.

आ) कंसातील सूचनेप्रमाणे प्रयोग बदला. काळ बदलू नका.

11. विद्यार्थी फळा सजवतील. (कर्मणी)
12. कामगार भिंत रंगवत आहेत. (कर्मणी)
13. पोस्टमनकडून पत्रे वाटली जातात. (कर्तरी)
14. मांजरीने उंदीर मारला. (भावे)
15. मुलाने फुलपाखराला पाहिले. (कर्मणी)
16. मुलगा खूप हसला. (कर्मणी)

इ) कंसातील सूचनेप्रमाणे वाक्यरूपांतर करा.

17. ही गोष्ट खरी आहे. (नकारार्थी)
18. मला ही अट अमान्य आहे. (नकारार्थी)
19. किती उंच हा मनोरा! (विधानार्थी)
20. आईची माया सर्वांना हवी असते. (प्रश्नार्थी)
21. गेलेली वेळ परत येत नाही. (प्रश्नार्थी)
22. वर्गात शांतता राखा. (विधानार्थी)
23. दिवे गेल्यामुळे अभ्यास थांबला. (संयुक्त, मग मिश्र)
24. सूर्य उगवताच पक्षी किलबिलू लागले. (मिश्र)

उत्तरे

1. कर्तरी. माळीण रोपांना पाणी घालते.
2. कर्मणी. सायलीने भिंत रंगवली. ‘ले’ पाहून भावे लिहिलं असेल तर वरचा पुस्तक-पोथीचा भाग पुन्हा वाचा.
3. भावे. आईने मुलीला निजवले, मुलींना निजवले, क्रियापद तेच. बाबांनी निजवले, तरी तेच.
4. कर्मणी. मुख्य कर्म ‘कोडे’. गुरुजींनी मुलांना कोडी घातली.
5. कर्तरी. सीमा छत्री विसरली. उलट रमेश डबा विसरला, तरी ‘विसरला’च.
6. भावे. कर्म नाही. मुलीने रांगेत उभे राहावे, तरी ‘राहावे’च.
7. कर्मणी. मी दरवाजा उघडला. ‘मी’च्या जागी ‘त्याने’ येतं.
8. कर्तरी. उद्या मुलगी किल्ला बघेल. इथे वचन बदललं, लिंग नाही.
9. भावे. कर्ताच नाही, म्हणून अकर्तृक भावे असंही म्हणतात.
10. कर्तरी. चिमण्या झाडावर बसल्या. इथला ‘ले’ पुल्लिंगी अनेकवचनाचा.

11. विद्यार्थ्यांकडून फळा सजवला जाईल.
12. कामगारांकडून भिंत रंगवली जात आहे. ‘जात आहेत’ लिहिलं असेल तर ते क्रियापद अजून कामगारांपाशीच अडकलं आहे. भिंत एकच आहे.
13. पोस्टमन पत्रे वाटतो. (‘वाटतात’ हेही आदरार्थी म्हणून चालेल.)
14. मांजरीने उंदराला मारले.
15. मुलाने फुलपाखरू पाहिले. क्रियापद वरवर तेच दिसतं, पण आता ते कर्माचं ऐकतं: मुलाने फुलपाखरे पाहिली. मूळ वाक्यात ‘फुलपाखरांना’ केलं तरी ‘पाहिले’च राहिलं असतं.
16. होत नाही. ‘हसणे’ इथे अकर्मक आहे.

17. ही गोष्ट खोटी नाही.
18. मला ही अट मान्य नाही.
19. हा मनोरा खूप उंच आहे.
20. आईची माया कोणाला नको असते? ‘नको’ने नकाराचं काम केलं, म्हणून वेगळा ‘नाही’ लागत नाही.
21. गेलेली वेळ कधी परत येते का? इथे ‘का’ चालतो, कारण नकार काढून टाकला आहे आणि ‘कधी’मुळे उत्तर ‘नाही’च असणार हे कळतं.
22. वर्गात शांतता राखायला हवी. ‘शांतता राखली जाते’ हे चूक. त्यात सूचना उरत नाही, नुसती माहिती उरते.
23. संयुक्त: दिवे गेले म्हणून अभ्यास थांबला. मिश्र: अभ्यास थांबला, कारण दिवे गेले. 
24. ज्या क्षणी सूर्य उगवला, त्या क्षणी पक्षी किलबिलू लागले. ‘जेव्हा-तेव्हा’ लिहिलं तरी वाक्य मिश्र होतं, पण ‘उगवताच’मधला तत्क्षणीचा भाव थोडा सैल पडतो.

‘अ’ गटात तीनपेक्षा जास्त उत्तरं चुकली, तर चुकलेल्या वाक्यांच्या शेवटच्या अक्षरांवर नजर टाका. 2, 4 आणि 10 चुकली असतील तर अडचण ‘ले’ची आहे. 7 चुकलं असेल तर तुम्ही ‘ने’ आहे की नाही एवढंच पाहून उत्तर दिलंत, आणि 5 चुकलं असेल तर सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की कर्मणी, या पाठ केलेल्या नियमावर विसंबलात; दोन्हीकडे शब्द बदलून पाहिला नाहीत.